नवीकोरी रद्दी

परवा मधल्या सुट्टीत एक गृहस्थ ग्रंथालयात शिरले, काखेतलं पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "शाळेची मालमत्ता रद्दीवाल्याकडे सापडते, आणि ग्रंथपाल इथे बसून पोहे खातात!"

पोह्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते होते. बाकीचं सांगते.

आमच्या शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. अर्धवेळ पगाराला. कुणी रजेवर गेलं की बदली तासाला मी, स्नेहसंमेलनात कपडेपटाला मी. १२ ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीचा गुलाब तेवढा पूर्ण मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत मी निर्लेखन उरकलं, म्हणजे बाद पुस्तकं रीतसर काढली. दाखल क्रमांक, किंमत आणि बाद करण्याचं कारण लिहून यादी केली, ती समितीपुढे ठेवली, ठराव घेतला, दाखल नोंदवहीत त्या त्या ओळीवर लाल शाईने शेरा मारला, प्रत्येक पुस्तकावर बाद झाल्याचा शिक्का उठवला. रद्दीचे पैसे कार्यालयात भरून पावतीही घेतली. एवढं करून चोर मीच.

गृहस्थांना गावात सगळे नाना म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेत. वर्तमानपत्रं विकायला रद्दीवाल्याकडे गेले, तर तिथे ढिगावर हे पुस्तक: शालेय मुलांसाठी संगणक परिचय. मुखपृष्ठावर फ्लॉपी, आत फ्लॉपीत फाइल कशी साठवावी याचं सचित्र प्रकरण. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ' आणि खाली नानांची सही.

"बघा," नाना पानं फडफडवत म्हणाले, "एक पान दुमडलेलं नाही. डाग नाही. नवंकोरं!"

"नाना, म्हणूनच काढलं."

नाना खुर्चीत बसले. आता पोहे गार होणार हे मला कळलं.

मी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीखचिठ्ठी दाखवली. पुस्तक घरी नेलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का पडतो. नानांच्या पुस्तकाची चिठ्ठी ज्या दिवशी चिकटवली त्या दिवसाइतकीच स्वच्छ होती. मग मी कपाटातून भूतकथांचं एक पुस्तक काढलं. त्याला पाठ नव्हती, पुठ्ठा सुतळीने बांधलेला, मधल्या पानावर वरणाचा डाग, आणि चिठ्ठी भरल्यामुळे तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी.

"हे फेका की मग!"

"हे फेकून हेच पुन्हा आणायचं. दोन प्रती."

"म्हणजे पोरांनी फाडलं त्याला बक्षीस, आणि नीट राहिलं त्याला रद्दी?"

"हो."

"बँकेत असा हिशेब केला असता तर मला घरी पाठवलं असतं."

ग्रंथालयाचा हिशेब असाच उलटा असतो, आणि हे मला दर वर्षी कुणाला ना कुणाला समजावावं लागतं. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक. धोका असतो तो कपाटात ताठ उभ्या असलेल्यांचा.

अर्थात कोरी चिठ्ठी पाहिली की पुस्तक काढलं, असंही करून चालत नाही. कपाटाच्या तळाच्या खणात, जिथे दार अर्धंच उघडतं, तिथलं पुस्तक मुलं नेणार तरी कशी? म्हणून संशयितांना मी आधी दाराजवळच्या टेबलावर, मुखपृष्ठ समोर करून, एक सत्रभर मांडते. सापांवरचं एक पुस्तक असं तळातून वर आलं आणि आता त्याच्यासाठी नंबर लागतात. नानांचं पुस्तकही सत्रभर टेबलावर होतं. त्याच्यावर मुलांनी डबे ठेवले.

"इतिहास म्हणून ठेवा," नाना म्हणाले. "आज ना उद्या कुणी फ्लॉपीवर संशोधन करील."

हा युक्तिवाद माझ्या नावडीचा, कारण तो अर्धा खरा आहे. शाळेचे जुने वार्षिक अंक, गावच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका यांना कुणी हात लावत नाही, पण त्या मी मरेपर्यंत काढणार नाही. इथून गेल्या तर दुसरीकडे मिळणार नाहीत. बाकी जुनं पुस्तक शाळेत नुसतं जुनं नसतं, ते मुलांना खोटं सांगतं. पाचवीतल्या एका मुलीने प्रश्नमंजूषेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे लिहिले आणि गुण गेला. रडत आली. सामान्यज्ञानाचं पुस्तक आमचंच होतं, छापलं तेव्हा बरोबरही होतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि ३६ झाले, हे पुस्तकाला कोण सांगणार? त्याच्या शेजारच्या पुस्तकात प्लूटो अजून नववा ग्रह होता. २००६ साली त्याला यादीतून काढलं, आमच्या कपाटातून काढायला मला यावं लागलं.

नाना गप्प बसले नाहीत. बाद करायच्या खोक्यातून त्यांनी एक जाडजूड चरित्र उचललं. "याची नुसती शिवण सुटलीय. बाइंडिंग करा. आमच्या बँकेत लेजरं करायचे."

मी एका पानाचा कोपरा पुढे दुमडला, मागे दुमडला, पुन्हा पुढे. तो हातात आला. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असतो, त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं त्यालाच खात बसतं. मग पान पिवळं होतं आणि पापडासारखं मोडतं. अशा कागदातून दोरा ओवला तर छिद्रांच्या रांगेतच तो फाटतो, बाइंडिंगचे पैसे पाण्यात. हे सगळं मी सांगत असताना नाना तो तुकडा पानाला परत लावून बघत होते.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. नानांनी तक्रार केली, सरांनी ऐकली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, देणगीदार आहेत. घ्या परत."

"सर, तो दाखल क्रमांक रद्द झालाय. खोडलेला क्रमांक पुन्हा उठवता येत नाही, पडताळणीत घोळ होतो."

"मग नवीन द्या. देणगी म्हणून."

तर आमच्या शाळेने तीच देणगी त्याच गृहस्थांकडून पुन्हा स्वीकारली. बाद केल्याच्या शिक्क्याशेजारी मी नव्या क्रमांकाचा शिक्का मारला आणि नानांना पावती दिली. रद्दीवाल्याने पुस्तकाचे पैसे घेतले नव्हते, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं.

सरांवर राग धरण्यातही अर्थ नाही. युडायस म्हणजे शाळांनी सरकारला द्यायची माहिती, तिच्यात ग्रंथालयात पुस्तकं किती हा आकडा भरायचा असतो. किती वाचली, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. निर्लेखनानंतर आमचा आकडा घसरला होता, तपासणीला आलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या होत्या. मग मार्चअखेर पैसे आले की आकडा वर न्यायला विक्रेत्याकडून थोरांच्या चरित्रांचे संच येतात, सवलतीत, आहेत त्यांच्याच जोडीला. मी मात्र मुलं काउंटरवर येऊन काय मागतात ते एका वहीत लिहीत असते. साप, कोडी, क्रिकेट, घरी करायचे प्रयोग, आणि भुतं. मोठा टाइप, पातळ पुस्तक. ही वही अजून कुठल्या सभेपुढे गेलेली नाही.

"एकाने वाढलं ना?" सरांनी जाताना खात्री करून घेतली.

नाना उठले, ते खुशीत होते. माळ्यावर मेहुण्यांची बी.कॉम.ची पुस्तकं पडून आहेत म्हणाले. सगळी नवीकोरी. रविवारी टेम्पो मिळतोय.