भेंडीचं पाणी आणि ते दोन बाण

आज परत आईच्या व्हॉट्सॲपवर मावशीचा तोच मेसेज, भेंडी रात्रभर भिजवून सकाळी ते पाणी प्या, डायबेटीसची गोळी कायमची सुटेल, आणि खाली ११ जणांना पाठवा नाहीतर घरात अशुभ घडेल. मागे तिने खरंच चार दिवस गोळी बंद केली होती, उपाशीपोटी शुगर २४० आली तेव्हा कळलं आम्हाला! मी तिला म्हटलं, अगं, वर दोन बाण दिसतात ना, म्हणजे मेसेज किमान पाच वेळा पुढे पाठवला गेलाय, मुळात कुणी लिहिला पत्ताच नाही. तर म्हणते, एवढ्या लोकांनी पाठवलाय म्हणजे खरंच असणार, आणि मावशी कशाला खोटं सांगेल? तिचा विश्वास मेसेजवर नाहीच, मावशीवर आहे. आणि मावशीने अशुभाच्या धास्तीने न वाचताच पाठवलेला.