‘नोकरी सोडा, मसाला विका, महिन्याला ६ लाख’: या पोस्टला उत्तर

“२१ हजारांची नोकरी सोडली तेव्हा सगळे हसले. आज कांदा-लसूण मसाल्यातून महिन्याला ६ लाख. १) नोकरी सोडल्याशिवाय धंदा होत नाही. २) पीएफ हेच तुमचं भांडवल. ३) मला जमलं, तर तुम्हालाही जमेल. ज्याला खरंच आयुष्य बदलायचंय, त्यानं कमेंटमध्ये ‘मसाला’ लिहा.”

माझा भाचा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. त्यानं ‘मसाला’ लिहिलं. मग त्याला लिंक आली, ९९ रुपयांचा रविवारचा वेबिनार झाला आणि शेवटी २५ हजारांच्या ‘मेंटॉरशिप’चा हप्ता ठरला. राजीनामा टाईप करून माझ्याकडे आला नि म्हणाला, “मामा, एकदा नजर टाका की. मी ठरवलंय.” मी छोट्या व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरतो. त्यामुळे मी आधी राजीनामा बाजूला ठेवला आणि त्या सहा लाखांवर नजर टाकली.

महिन्याला सहा लाख म्हणजे वर्षाला ७२ लाखांची विक्री. माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांवर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. म्हणजे या माणसाकडे जीएसटी नंबर असलाच पाहिजे. तो नंबर कुणालाही तपासता येतो. services.gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये टाकला, की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, कधीची आहे, रिटर्न भरली जातात का आणि तो कशाकशाचा व्यवहार करतो, हे दिसतं. भाच्याला म्हटलं, मेंटॉरशिपचे पैसे द्यायच्या आधी त्यांच्याकडे ९९ रुपयांचं बिल माग. दोनदा टाळाटाळ झाली, मग बिल आलं. नोंदणी खरी निघाली, पण त्यात मसाला कुठेच नव्हता. एकच नोंद होती, व्यावसायिक प्रशिक्षणाची. भाच्यानं मसाल्याचं एक पाकीट मागितलं, म्हणजे मागचा १४ अंकी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, तपासता आला असता. त्याला उत्तर आलं, “सध्या स्टॉक नाही.”

आता सहा लाखांचा हिशेब दुसऱ्या बाजूनं मांडा. महिन्याला ५०० जण ९९ रुपये भरतात, असं धरा. ते झाले ४९,५००. त्यातल्या २२ जणांनी २५ हजारांची मेंटॉरशिप घेतली, तर साडेपाच लाख. बेरीज सहा लाखांच्या आसपास येते. बँकेचा स्क्रीनशॉट खरा असेलही. पैसे मसाल्याचे आहेत की मसाल्याच्या स्वप्नाचे, हे मात्र त्या स्क्रीनशॉटवरून कळत नाही. पोस्टच्या शेवटी एखादा शब्द लिहायला सांगितला असेल, तर ती जाहिरात समजा आणि अनुभवकथन म्हणून वाचूच नका.

आणि खरोखर मसालाच विकत असता, तरी सहा लाख ही विक्री झाली, कमाई नव्हे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हाळ्यात वर्षभराची घेऊन ठेवावी लागते, म्हणजे भांडवल आधी अडकतं. खोबरं, तीळ, डंकाची मजुरी, पाऊच, दुकानदाराचं कमिशन हे सगळं त्यातूनच जातं, आणि किराणा दुकानातली उधारी दोन-दोन महिने येत नाही.

‘मला जमलं, तर तुम्हालाही जमेल’ या तिसऱ्या मुद्द्यामुळे सगळ्यात जास्त पोरं फसतात, म्हणून तो नीट बघू. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीतल्या शंभर पोरांनी एकाच वर्षी नोकरी सोडून धंदा काढला, असं समजा. पाच वर्षांनी त्यातल्या पाच जणांचं झकास चाललंय. पोस्ट ते पाचच लिहिणार. उरलेल्यांतले कुणी पुन्हा कंत्राटी कामाला लागले, कुणी सोसायटीचं कर्ज फेडतंय, आणि यातलं कुणीही फेसबुकवर लिहायला येणार नाही. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जे तगले तेवढेच दिसतात आणि आपण त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतो. पाच जण सांगतात, “धाडस केलं म्हणून जमलं.” धाडस तर पंचाण्णव जणांनीही केलं होतं. जी गोष्ट जिंकलेल्यांत आणि बुडालेल्यांत सारखीच आहे, ती जिंकण्याचं कारण कशी ठरेल? ते कारण शोधायचं तर बंद पडलेल्यांकडे जावं लागेल. म्हणून अशा कोर्सवाल्याला एकच प्रश्न विचारा: तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये एकूण किती जण होते आणि त्यातल्या किती जणांचा धंदा आज चालू आहे? भाच्यानं हेच विचारलं. उत्तरादाखल गेल्या दिवाळीतल्या विक्रीचे चार व्हिडिओ आले. एकूण आकडा आला नाही.

नोकरी सोडल्याशिवाय धंदा होत नाही, या पहिल्या मुद्द्यावर अभ्यास झालेला आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष छापला. ज्यांनी आधी नोकरी सांभाळून धंदा सुरू केला आणि मग नोकरी सोडली, त्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी होती. तो अमेरिकेतला आकडा आहे, तो जसाच्या तसा कोल्हापूरला लावू नका. पण कारण इथेही तेच लागू पडतं. पगार चालू असताना धंदा जमत नाहीये हे कळलं, तर माणूस थोड्या पैशांत तिथेच थांबतो. ज्याला गिऱ्हाईक मिळतंय हे दिसतं, तोच पुढे जातो.

पीएफबद्दल तर मला संताप येतो. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी तो काढला तर त्यावर कर लागतो, हे पोस्टवाला सांगत नाही. आणि दरमहा पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. भाच्याची आठ झाली आहेत. पीएफसोबत पेन्शनचा भागही उचलला असता, तर ती आठ वर्षं हिशेबातून गेली असती. नोकरी सोडायचीच असेल, तर पेन्शनचे पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे पुढच्या नोकरीत ती वर्षं मोजली जातात.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या पोस्टमधली तुटपुंज्या पगाराची बोच खरी आहे. आठ वर्षं मशीनवर उभं राहून एकवीस हजार, वर कायम होण्याची खात्री नाही. पोरं बाहेर पडायचा रस्ता शोधणारच, आणि माझ्या बहिणीच्या हातचा मसाला चांगला आहे, हेही खरं.

म्हणून आम्ही असं ठरवलंय. एफएसएसएआयची नोंदणी करायची, या हंगामात थोडीच मिरची घ्यायची, आणि राजारामपुरी व उद्यमनगरातल्या ओळखीच्या दुकानांत माल ठेवायचा. विकलं किती याची वही भाचा ठेवेल. दुसऱ्यांदा आपण होऊन ऑर्डर कुणी दिली आणि उधारी किती दिवसांनी आली, याची वही मी ठेवणार. मेंटॉरशिपचा हप्ता रद्द केलाय. ९९ रुपये परत मागितलेत, ते आले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार करणार आहे.