श्वास आत जाताना नाडी हलकीच लागते

एक मेसेज फिरतोय: "खोल श्वास घेतला की छातीत जास्त रक्त ओढलं जातं, म्हणून हृदय जास्त रक्त ढकलतं, नाडी जोरात होते आणि बीपी वाढतो. बीपी लो वाटला, चक्कर आली, तर मोठा श्वास भरून जमेल तेवढा रोखून धरा. श्वास घेताना नाडी हलकी लागत असेल, तर हृदय कमजोर झालंय असं समजा."

रक्त ओढलं जातं ही गोष्ट

एवढं बरोबर आहे, पण अर्धंच. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या जागेत दाब एरवीही बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमीच असतो, पाण्याच्या उंचीत मोजला तर साधारण ५ सेंटिमीटरने. साधा श्वास आत घेतला की तो आणखी उतरतो, ८ च्या आसपास जातो. त्याच वेळी श्वासपटल खाली सरकून पोट दाबतं. वर दाब कमी, खाली जास्त, त्यामुळे महाशिरेतलं रक्त छातीकडे धावतं. आडवं पडलेल्या माणसाच्या मानेतली शीर श्वासाबरोबर खाली बसताना दिसते, ती यामुळेच.

पण हे रक्त पोचतं ते हृदयाच्या उजव्या बाजूला. मनगटाला जी नाडी लागते ती डाव्या बाजूची. मधे अख्खं फुप्फुस आहे, आणि त्या मेसेजची सगळी गडबड इथेच झाली आहे.

शिवाय जितका जोरात श्वास ओढाल तितकं जास्त रक्त, असंही होत नाही. मऊ नळीतून फार जोरात ओढलं की नळीच चपटी होते. शिरांच्या भिंती तशाच मऊ असतात. छातीतला दाब बराच खाली गेला की छातीत शिरण्याच्या तोंडाशीच त्या चिकटतात आणि प्रवाह त्यापुढे वाढत नाही.

नाडी जोरात होते, बीपी वाढतो?

उलट. श्वास आत घेताना वरचा बीपी थोडा उतरतो. निरोगी माणसात हा उतार १० मिलिमीटरच्या आत असतो.

मुख्य कारणं दोन. एक, श्वासाबरोबर फुप्फुस फुगतं तशा त्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात आणि उजवीकडून आलेलं जादा रक्त काही क्षण तिथेच मावून राहतं. डाव्या बाजूला ते दोन-तीन ठोक्यांनी पोचतं. मिनिटाला १४ श्वास आणि ७० ठोके धरा: एका श्वासचक्रात पाच ठोके बसतात, त्यातले साधारण दोन श्वास आत घेताना. म्हणजे आत घेतलेल्या श्वासाने ओढलेलं रक्त डाव्या बाजूला पोचेपर्यंत माणूस श्वास सोडायला लागलेला असतो. दोन, उजवा कप्पा भरून फुगला की दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे सरकतो आणि डाव्या कप्प्याची जागा तेवढी कमी होते. आत कमी रक्त, म्हणून ठोक्याला बाहेरही कमी.

मग इतक्या जणांना उलटं का वाटतं? माझा अंदाज असा, की ते वेग आणि जोर यांत गल्लत करतात. श्वास आत घेताना ठोके थोडे जलद पडतात, तरुण माणसात तर हा फरक बोटांना सहज कळतो. जलद ठोका 'जोरात' वाटतो. प्रत्यक्षात तो ठोका लहान असतो.

चक्कर आली की श्वास रोखा?

पूर्ण मेसेजमधला हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो. भरलेला श्वास कोंडून माणूस जोर लावतो तेव्हा छातीतला दाब कमी राहत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा वर जातो. तपासणीत हेच मुद्दाम करून बघतात: नळीत फुंकून ४० मिलिमीटर दाब १५ सेकंद धरायला लावतात. पहिले काही ठोके बीपी किंचित वर जातो, आणि बहुधा तेवढंच पाहून सल्ला देणारा खूश होतो. त्यानंतर छातीत शिरायचं रक्त अडतं, ठोके लहान होत जातात, बीपी घसरतो आणि हृदय घाईने धडधडायला लागतं. सोडल्याक्षणी आणखी एक छोटी घसरण येते, मग बीपी उसळून वर जातो आणि ठोके मंदावतात. जोराच्या खोकल्याने किंवा शौचाला कुंथताना काही जणांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते त्यामागेही हेच असतं. आधीच बीपी उतरलेल्या माणसाला हे करायला सांगणं म्हणजे पडण्याची सोय करणं. त्याला आडवं करा आणि पाय उंच ठेवा, शिरांतलं रक्त तेवढ्याने परत येतं.

नाडी हलकी म्हणजे हृदय कमजोर?

हलकी किती, हे आधी मोजावं लागतं, आणि आपोआप फुगणाऱ्या मशीनवर ते कळत नाही. हाताने पंप करायचा पट्टा आणि स्टेथोस्कोप हवा. माणसाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यायचा. 'खोल घ्या' म्हटलंत तर फरक उगाच मोठा दिसेल. पट्टा फुगवून अगदी हळू हवा सोडायची, ठोक्याला २ मिलिमीटरच्या आसपास. समजा ११८ ला पहिला आवाज आला, पण फक्त श्वास सोडताना. आत घेताना आवाज गायब. आणखी उतरत ११२ ला प्रत्येक ठोक्याचा आवाज यायला लागला. फरक ६. हे सामान्य आहे.

आता दुसरा माणूस. १०४ ला आवाज येतो-जातो, आणि सलग ऐकू येतो तो ८२ ला. फरक २२. मानेच्या शिरा फुगलेल्या, ठोके १२४. इथे हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठून हृदय आवळलं गेल्याचा संशय घ्यावा लागतो आणि लगेच इको करावा लागतो. पिशवी ताणायला जागाच नसते, म्हणून उजवी बाजू भरली की डावीला तेवढीच चेपावं लागतं. नेहमीचाच उतार, फक्त अतोनात वाढलेला. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७३ मध्ये या नाडीला 'विरोधाभासी' म्हटलं, कारण छातीवर ठोका ऐकू येत होता आणि मनगटाला त्याच क्षणी नाडी लागत नव्हती.

डावा कप्पा खरोखर थकलेला असतो तेव्हाची नाडी वेगळी असते: एक ठोका मोठा, एक लहान, पुन्हा मोठा, पुन्हा लहान, आणि त्याचा श्वासाशी संबंध नसतो. उलट डावा कप्पा फार कमजोर असेल, तर पिशवीत पाणी असूनही श्वासाबरोबरचा हा उतार दिसेनासा होऊ शकतो. ठोके मुळातच अनियमित असतील तर वरची मोजणी भरवशाची राहत नाही.

तीव्र दम्यातही फरक १० च्या वर जातो, कारण अडलेल्या नळ्यांतून हवा ओढताना छातीतला दाब फार खोल उतरतो. पण तिथे २० चा फरक तासाभरात ८ वर आला म्हणून कोणी सुस्कारा टाकू नये. औषधाने नळ्या मोकळ्या झाल्या असतील तर माणूस बोलायला लागतो. झोपाळलेला असेल, शब्द अर्धवट राहत असतील, तर त्याची ओढायची ताकद संपत आली आहे.