ईएलएमध्ये चमकणारा चिमटा आणि एक्स-रेमधील छेडछाड: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «पोटात चिमटा दिसणाऱ्या त्या व्हायरल एक्स-रेबद्दल 'छेडछाड सिद्ध होत नाही' असे आपण लिहिले आहे, ते अजिबात पटले नाही. मी ते चित्र ईएलए करणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकून पाहिले. बाकी सगळे काळे आणि चिमटा मात्र पांढरा चमकतो. चिमट्याच्या कडा कापून चिकटवल्यासारख्या धारदार आहेत. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनीही पाहताक्षणी बनावट म्हटले. इतके असताना संदिग्ध का लिहायचे?»

नमस्कार. आपण स्वतः चाचणी करून पाहिलीत, हे मला महत्त्वाचे वाटते. म्हणूनच आपल्या तिन्ही मुद्द्यांना क्रमाने उत्तर देतो.

एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस, म्हणजेच ईएलए, ही पद्धत नील क्रावेट्झ यांनी 2007 मध्ये मांडली. तिची कृती साधी आहे. जेपेग चित्र ठरावीक दर्जाला, बहुधा 95 ला, पुन्हा साठवायचे आणि मूळ चित्र व नवे चित्र यांच्यातला फरक काढायचा. हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसल्यामुळे तो वाढवून दाखवावा लागतो. बहुतेक गोंधळ याच वाढवण्यातून होतो. काही साधने सर्वांत मोठ्या फरकाला आपोआप पांढरा रंग देतात आणि बाकीचे त्या प्रमाणात ताणतात. अशा साधनात कोणतेही चित्र टाकले तरी त्यात काहीतरी पांढरे दिसणारच, मग तो फरक 255 पैकी 40 पायऱ्यांचा असो किंवा केवळ 4 पायऱ्यांचा. त्यामुळे संकेतस्थळाच्या आपोआप ताणलेल्या चित्रावर विसंबण्यापेक्षा ठरावीक पटीने वाढवलेले चित्र पाहावे. इमेजमॅजिक संगणकावर असेल तर या दोन ओळी पुरेशा आहेत:

```
magick xray.jpg -quality 95 re.jpg
magick xray.jpg re.jpg -compose difference -composite -evaluate multiply 15 ela.png
```

आता चिमटाच का चमकतो, ते पाहू. जेपेग चित्राचे 8×8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील बारीक, झपाट्याने बदलणारा तपशील ढोबळ आकड्यांत बसवते. शरीराबाहेरच्या सलग काळ्या भागात बसवण्यासारखे काही नसते, म्हणून तिथे चूक जवळजवळ शून्य येते. पोटाच्या मऊ करड्या छटांत ती थोडी येते. जिथे शुभ्र धातूला लागून एकदम करडी छटा सुरू होते, तिथे मात्र चौकोनातील सगळ्या वारंवारिता कामाला लागतात आणि चूक सर्वाधिक येते. म्हणजे ती चमक तीव्र कडेची आहे. ती कड रुग्णालयात उमटली की नंतर कोणी चिकटवली, हे ईएलएला कळत नाही. आपल्या निकालाचे चित्र मोठे करून पाहिल्यास चिमट्याची केवळ बाह्यरेषा उजळ आणि आतला भाग काळा दिसेल, कारण आतला भाग सलग पांढरा आहे. त्याच चित्राच्या कोपऱ्यात डावी बाजू दाखवणारे शिशाचे 'एल' हे अक्षर आहे. त्याची बाह्यरेषाही तशीच उजळलेली आढळेल, आणि ते अक्षर तर एक्स-रे काढतानाच प्लेटवर ठेवलेले असते. तुलना करायची ती अशाच जोडीची, म्हणजे धातूच्या कडेची धातूच्या कडेशी आणि मांसल भागाची मांसल भागाशी. चिमट्याभोवतीच्या मांसल भागाचा एक तुकडा इतर मांसल भागापेक्षा वेगळा उजळला असता, आणि त्या तुकड्याची हद्द स्पष्ट दिसली असती, तर मी संशय नोंदवला असता. या चित्रात तसे दिसत नाही.

आणि तसे न दिसणे हाही चित्र खरे असल्याचा पुरावा ठरत नाही. हे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आले आहे. नेहमीच्या दर्जात पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप लांब बाजू सुमारे 1600 पिक्सेलवर आणते आणि सगळे चित्र नव्याने जेपेगमध्ये बसवते. आकार बदलला की जुने 8×8 चौकोन मोडतात, त्यामुळे मूळ भाग आणि चिकटवलेला भाग यांच्या साठवणुकीच्या इतिहासातला फरकही बहुधा पुसला जातो. अशा प्रतीवर ईएलएने दिलेले 'हो' आणि 'नाही' दोन्ही कच्चे असतात.

कडांच्या धारेबद्दल थोडा हिशोब मांडावा लागेल. एक्स-रे नळीतील किरण एका बिंदूतून निघत नाहीत, ते एका लहानशा ठिपक्यातून निघतात. या ठिपक्याला फोकल स्पॉट म्हणतात आणि मोठा फोकल स्पॉट साधारण 1.2 मिलिमीटरचा असतो. पोटाच्या एक्स-रेत नळी आणि डिटेक्टर यांत 100 सेंटिमीटर अंतर धरले आणि चिमटा डिटेक्टरपासून 15 सेंटिमीटर वर आहे असे मानले, तर कडेचा धूसर पट्टा 1.2 × 15 ÷ 85, म्हणजे सुमारे 0.2 मिलिमीटर रुंद होतो. मूळ डिजिटल एक्स-रेत एक पिक्सेल 0.14 मिलिमीटरचा असेल, तर हा पट्टा दीड पिक्सेल भरतो आणि मोजता येतो. पण 43 सेंटिमीटर लांबीची प्लेट 1600 पिक्सेलमध्ये बसवली की एक पिक्सेल जवळपास 0.27 मिलिमीटरचा होतो आणि तो पट्टा एका पिक्सेलच्या आत गडप होतो. खऱ्या चिमट्याची कडही या प्रतीत धारदारच दिसली पाहिजे. त्यात बहुतेक डिजिटल यंत्रणा एक्स-रे दाखवण्यापूर्वी कडा मुद्दाम उठावदार करतात, ही भर वेगळीच.

मग मी काय पाहिले? एक्स-रे म्हणजे सावल्यांची बेरीज असते. किरणांच्या वाटेत त्वचा, आतड्यातील हवा, मणका आणि धातू यांपैकी जे जे येते, त्या प्रत्येकाचा परिणाम त्याच जागी साठत जातो. म्हणून अशा शस्त्रक्रियेच्या चिमट्यात, म्हणजे आर्टरी फोर्सेप्समध्ये, मी सर्वप्रथम बोटे घालायची दोन कडी पाहतो. धातूचा जाड भाग इतका पांढरा असतो की त्यामागचे काही दिसण्याची अपेक्षाच नसते, पण कडीच्या पोकळीतून मागचे शरीर दिसलेच पाहिजे. या चित्रात एक कडी कमरेच्या उजव्या इलियाक हाडाच्या कडेवर येते. हाडाची रेषा कडीच्या एका बाजूने आत शिरते, पोकळीतून त्याच वळणाने पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. दुसऱ्या कडीच्या पोकळीत आतड्यातील हवेची काळी छटा अर्धवट आली आहे आणि तिची सीमा कडीबाहेरच्या सीमेशी जुळते. दुसऱ्या एक्स-रेतून कापून आणलेल्या चिमट्यात घाईने काम केले असेल, तर नेमकी ही पोकळी सपाट राहते किंवा तिच्यात परक्या चित्राची छटा शिल्लक राहते. निमुळत्या टोकापाशी धातू पातळ असतो. तिथे मणक्याची कड अंधूकपणे धातूतून दिसते, हेही बेरजेच्या नियमाला धरून आहे.

तरीही मी 'अस्सल' असा शिक्का मारला नाही. काळ्या पार्श्वभूमीवरचा चिमटा घेऊन तो चित्रसंपादकात 'स्क्रीन' या मिश्रणपद्धतीने वर ठेवला, तर काळा भाग नाहीसा होतो, पोकळीतून मागचे सगळे जसेच्या तसे दिसते आणि सावल्यांची बेरीज बऱ्यापैकी साधली जाते. मूळ प्रतीत हे किरणांच्या कणदारपणावरून पकडता येऊ शकते, कारण जाड भागातून कमी किरण पोहोचतात आणि तिथे कण ठळक दिसतात. उसन्या चिमट्याचे कण नव्या जागेशी जुळतीलच असे नाही. पण वारंवार साठवलेल्या जेपेगमध्ये हे कण आधीच पुसले गेलेले असतात.

ओळखीच्या डॉक्टरांच्या अनुभवाचा मी आदर करतो. परंतु एका नजरेतील मत दोन्ही बाजूंनी चुकू शकते. 2019 मध्ये इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये संगणकाने खोट्या गाठी घातल्या आणि काही स्कॅनमधून खऱ्या गाठी काढून टाकल्या. छेडछाडीची पूर्वकल्पना नसलेल्या तीन रेडिऑलॉजिस्टांनी खोट्या गाठींच्या 99 टक्के स्कॅनना कर्करोगाचे ठरवले, तर गाठ काढलेल्यांपैकी 94 टक्के स्कॅनना निरोगी ठरवले. त्यांचे ज्ञान कमी पडले नव्हते. दिलेले चित्र खरे आहे, असे धरून वाचणे हीच त्यांच्या कामाची रीत आहे.

आपल्या प्रतिक्रियेत न आलेली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. हा एक्स-रे एकाच बाजूने घेतलेला आहे. चिमटा पोटाच्या आत असो, रुग्णाच्या अंगावरच्या चादरीत असो किंवा त्याच्या पाठीखाली टेबलावर पडलेला असो, समोरून घेतलेल्या चित्रात सावली जवळपास सारखीच पडते. म्हणजे एकाही पिक्सेलला हात न लावता 'पोटात चिमटा राहिला' हा मजकूर खोटा असू शकतो. कुशीवरून घेतलेले दुसरे चित्र असल्याशिवाय खोली कळत नाही, आणि फिरणाऱ्या संदेशात ते नाही. चित्र जुने किंवा परक्या देशातील असून त्याला नवे गाव आणि नवे रुग्णालय जोडले जाणे, ही शक्यताही चिकटवाचिकटवीपेक्षा कितीतरी अधिक असते. त्यासाठी चित्र उलट शोधात टाकावे, पण आधी चौकट आणि अक्षरे कापून फक्त पोटाचा भाग ठेवावा, कारण बदललेल्या पट्ट्यांमुळे जुळणी चुकते. चित्र आडवे उलटवूनही एकदा शोधावे.

एक विनंती मनापासून करतो. त्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि वय वाचता येते. असे चित्र कोणत्याही तपासणी संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी तो भाग कापून टाकावा. ती व्यक्ती कोण आहे हे आपल्याला ठाऊक नाही आणि तिची संमतीही घेतलेली नाही.

खात्रीचा निकाल हवा असेल तर डायकॉम फाइल, म्हणजे वैद्यकीय चित्रे ज्या मूळ स्वरूपात साठवतात ती फाइल, लागते. इमेजिंग सेंटर रुग्णाला देते त्या सीडीत ती असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितलेल्या वैद्यकीय नोंदी डॉक्टरांनी 72 तासांत द्यायच्या असतात. फाइलच्या पहिल्या 128 बाइटनंतर `DICM` ही चार अक्षरे येतात, आणि `dcmdump -Un` ने आतील नोंदी वाचता येतात. त्यात `(0008,0016)` पुढे `1.2.840.10008.5.1.4.1.1.7` असा क्रमांक, म्हणजे सेकंडरी कॅप्चर, आढळला आणि प्रत्येक पिक्सेलसाठी किती बिट वापरले ते सांगणाऱ्या `(0028,0101)` पुढे 8 हा आकडा दिसला, तर ती फाइल यंत्राने काढलेला थेट एक्स-रे नसून बाहेरच्या चित्राला दिलेले डायकॉमचे वेष्टन असण्याची दाट शक्यता आहे. थेट डिजिटल एक्स-रेत तिथे बहुधा 10 ते 16 दरम्यानचा आकडा असतो. अर्थात, या नोंदीही फुकट मिळणाऱ्या साधनांनी बदलता येतात. म्हणून सीडीतील फाइलचा `(0020,000D)` हा तपासणी क्रमांक घेऊन तीच तपासणी रुग्णालयाच्या पॅक्स या चित्रे जपणाऱ्या डिजिटल साठ्यातून काढून घ्यावी आणि दोन्हींचे पिक्सेल एकमेकांतून वजा करावेत. फरक सर्वत्र शून्य आला, तर सीडीतील प्रत साठ्यातील प्रतीसारखीच आहे एवढे पक्के म्हणता येते. या व्हायरल चित्राच्या बाबतीत सीडी आणि कुशीवरचा एक्स-रे या दोन्ही गोष्टी केवळ रुग्णाच्या कुटुंबाकडूनच मिळू शकतात. त्या त्यांनी स्वेच्छेने दाखवल्या, तर मी ही तपासणी करून लेखातील मत त्यानुसार पक्के करीन किंवा बदलीन.