हर्णैच्या होडीपासून सुरुवात करावी

"रुपया घसरला की डिझेल आणि परदेशी सहल महाग का होते, हे शाळेच्या अर्थशास्त्र मंडळातील भाषणात कसे सांगू?"

हर्णै बंदरातील होडीच्या डिझेलच्या टाकीपासून सुरुवात करावी. हे डिझेल ज्या कच्च्या तेलापासून बनते ते डॉलरमध्ये विकत घ्यावे लागते आणि त्याचे पिंप १५९ लिटरचे असते. एक पिंप ८० डॉलरला मिळते असे धरल्यास, डॉलर ८० रुपयांना असताना त्याचे ६,४०० रुपये पडतात आणि डॉलर ८५ रुपयांचा झाल्यावर, तेलाचा भाव तसूभर न हलताही, ६,८०० रुपये, म्हणजे लिटरमागे सुमारे अडीच रुपये जास्त. पंपावर ही वाढ लगेच दिसेलच असे नाही, कारण तिथल्या दरात कर आणि तेल कंपन्यांचा नफाही मिसळलेला असतो. सहलीला असा आडोसा नाही: हजार डॉलरच्या खर्चात थेट पाच हजारांची भर पडते. थायलंडला जाणाऱ्याने मात्र डॉलर नव्हे, बाहतचा दर पाहावा.