डाग किती लागला हे नंतर विचारा, दुखते कुठे हे आधी विचारा

आज दुपारी खानापुराजवळच्या एका बारशाला गेले होते. तिथे एका नव्या सुनेने हळूच सांगितले की पाळी चुकून पंधरा दिवस झाले आहेत, पट्टीवर दोन रेघा आल्या आहेत आणि कालपासून तपकिरी डाग लागतो आहे. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच भोवतीच्या बायकांनी निकाल दिला. एक म्हणाली, "थोडंच आहे न्हवं, मग काय होत न्हाई, पडून ऱ्हा." दुसरीने पपई खाल्लीस का म्हणून चौकशी केली, आणि तिसरीने तिच्या स्कूटीवरून फिरण्यावर खापर फोडले. पोटात दुखते का, दुखत असेल तर कोणत्या बाजूला, हे एकीनेही विचारले नाही. मी सरकारी दवाखान्याच्या प्रसूती कक्षात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे आणि हे "थोडंच आहे" ऐकले की अजूनही माझा तोल जातो.

याचे कारण माझ्या बहिणीची मुलगी आहे. तिलाही थोडेच होते. सातवा आठवडा चालू होता. पहिल्या दिवशी लघवीनंतर पुसताना कापडावर कॉफीच्या रंगाचा पुसट डाग दिसला, एवढेच. दुसऱ्या दिवशी ओटीपोटात डावीकडे दुखू लागले. घरच्यांनी ते गॅसवर ढकलले आणि ओवा दिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डाग तेवढाच होता, त्यामुळे घरात सगळे निश्चिंत होते.

आधी धीर देणारी गोष्ट सांगते, कारण ती खरी आहे. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गरोदर बाईला थोडेफार अंगावरून जाते आणि त्यातल्या अनेकींचे दिवस पुढे व्यवस्थित भरतात. गर्भ गर्भाशयात रुजताना, म्हणजे पाळीच्या तारखेच्या आसपास, एखाददुसरा डाग लागू शकतो. गर्भाशयाच्या तोंडाला या काळात रक्तपुरवठा वाढलेला असल्याने नवराबायकोच्या संबंधानंतर किंवा आतून तपासणी केल्यानंतरही गुलाबी डाग दिसतो. तपकिरी रंग म्हणजे बहुधा आधी साचलेले जुने रक्त. स्कॅनिंगमध्ये बाळाचे ठोके एकदा दिसले, की डाग लागूनही बहुतेक गर्भ टिकतात. आणि सासूबाईंनो, स्कूटी, पाण्याची घागर, जिना यांमुळे सुरुवातीचा गर्भ पडत नाही. तो पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची घडणच मुळात बिघडलेली असते. दिवसरात्र अंथरुणावर पडून राहिल्याने तो वाचतो असेही दिसलेले नाही. त्या पोरींना दोष देणे आता तरी थांबवा.

पण हा सगळा धीर गर्भ गर्भाशयात आहे हे पाहिल्यानंतरचा आहे. पट्टीवरच्या दोन रेघा गर्भ आहे एवढेच सांगतात. तो कुठे आहे हे त्यांना कळत नाही. शंभरातल्या एकदोन गरोदरपणांत तो गर्भाशयात न पोहोचता बहुधा गर्भनलिकेतच रुजतो. नलिका अरुंद असते, ती ताणली जाते आणि सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दुखू लागते, कधी फुटते. फुटल्यावर रक्त पोटाच्या पोकळीत साचते. बाहेर जो डाग दिसतो तो गर्भाशयाचे अस्तर थोडे थोडे सुटल्याचा असतो, म्हणून तो थोडाच राहतो. आत काय चालले आहे याचे माप बाहेरच्या डागाने होत नाही, आणि आपल्याकडे सगळा हिशोब डागावरच चालतो!

माझ्या भाचीने त्या संध्याकाळी फोनवर जे सांगितले त्यातले एक वाक्य ऐकून मी तिच्या नवऱ्याला लगेच गाडी काढायला लावली. ती म्हणाली, "मावशी, आडवं झालं की खांदा दुखतोय." पोटातले रक्त वर सरकून श्वासपटलाला टेकले की तिथल्या नसेमुळे खांद्याच्या टोकाला कळ येते. खांद्याला काहीही झालेले नसते. तिला संडासला लागल्यासारखेही वाटत होते आणि उठून बसताच घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बेळगावला पोहोचल्यावर स्कॅनिंगमध्ये गर्भाशय रिकामे, डाव्या नलिकेत गर्भ आणि पोटात रक्त, असे निघाले. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून ती नलिका काढावी लागली. पॅडवर मात्र तेव्हाही रुपयाएवढाच डाग होता.

म्हणून एका बाजूला सतत किंवा वाढत जाणारे दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, घेरी किंवा घाम, यांतले काहीही असेल तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप असेल किंवा जाणाऱ्या रक्ताला दुर्गंधी असेल, तरीही थांबू नका. दुखणे नाही, नुसता तपकिरी डाग आहे, पण स्कॅनिंग अजून झालेलेच नाही, अशा बाईने एकदोन दिवसांत दाखवून यावे. जिच्या नलिकेत पूर्वी गर्भ राहिला आहे, जिला तांबी बसवलेली आहे किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतरही जिचे दिवस राहिले आहेत, तिने तेवढीही वाट पाहू नये.

जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांतून स्कॅनिंगसाठी खानापूर किंवा बेळगाव गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते, हे मला मान्य आहे. प्रत्येक डागाला धावत सुटावे असे माझेही म्हणणे नाही.

घरी असताना गडद रंगाचे कापड वापरू नका. त्यावर काहीच कळत नाही. पांढरा पॅड लावा आणि वहीत तारीख व वेळ घालून लिहा: रंग तपकिरी, गुलाबी की लालभडक; पुसतानाच दिसले की पॅडवर उतरले; दुखणे कुठे आणि कधीपासून; घट्ट काही पडले का. सर्वांत वर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहा. समोरचे डॉक्टर कन्नडमधून भराभर विचारू लागले की आपल्या मुली गांगरतात आणि सगळ्याला "हूं" म्हणतात. ती वही तायी कार्डासोबत पुढे ठेवली तर निम्मे काम होते.

आणखी एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे आणि ती लिहितानाही मन कळवळते. पाचव्या आठवड्यात स्कॅनिंग केले की कधी गर्भाची नुसती पिशवी दिसते, कधी तीही दिसत नाही. लगेच "काही नाही, गेलं" असे सांगून एखादी दुकानातून गोळ्या आणून देते. बाई, थांब. ठोके साधारण सहाव्या आठवड्यानंतर दिसू लागतात आणि पाळीची तारीख पुढेमागे असू शकते. डॉक्टर रक्तातले बीटा एचसीजी हे गरोदरपणाचे संप्रेरक ४८ तासांच्या अंतराने दोनदा तपासायला आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा स्कॅनिंग करायला सांगतील. तोवर गर्भ पाडण्याची कोणतीही गोळी घ्यायची नाही. गर्भ चांगला असेल तर तुम्ही तो स्वतःच्या हाताने घालवाल, आणि नलिकेत असेल तर त्या गोळ्यांनी तो निघत नाही. रक्त गेले म्हणून सुटलो असे वाटते आणि नलिका आत ताणतच राहते.

ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे त्यांनी दवाखान्यात शिरताच तो सांगावा. प्रत्येक डागाला पुढच्या बाळाला जपणारे ॲन्टी-डी इंजेक्शन लागतेच असे नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण लागणार असेल तर ते रक्त गेल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायचे असते.