कारळे, कलौंजी आणि काळं जिरं एका डब्यात बसत नाहीत

“मसाल्यांची नावं इंग्रजीत करायला डोकं लागत नाही. कलौंजी, कारळे, काळं जिरं सगळं एकच. ब्लॅक क्युमिन लिहा नाहीतर ओनियन सीड्स. ओवा म्हणजे थाइमचं बी. हिंग म्हणजे ॲसाफेटिडा, झालं काम.”

असं म्हणणारे आणि तशा याद्या करून देणारे भेटतात. मीही फसले. गेल्या दिवाळीआधी माझ्या इंग्लंडातल्या भाचीनं कारळ्याच्या चटणीची कृती मागितली. शेजारणीला द्यायची म्हणून इंग्रजीतून हवी होती. आम्हा निपाणीकडच्या लोकांना ज्वारीच्या भाकरीबरोबर ही चटणी लागतेच. मी लिहून दिलं: एक वाटी कारळे, सात-आठ सुक्या मिरच्या, लसणीच्या दहा पाकळ्या, चमचाभर जिरं, चिंचेचं बोटूक, मीठ. आणि अशाच एका यादीवर विसंबून कारळ्यांपुढे ‘निजेला’ लिहिलं. शेजारणीनं प्रामाणिकपणे वाटीभर निजेला भाजली, कुटली, पोळीला लावून खाल्ली. दोन दिवसांनी भाचीचा फोन: “मावशी, हे औषध आहे का गं?”

निजेला म्हणजे कलौंजी. कलौंजीचा वास उग्र, चव तिखटसर कडू. नानवर चिमूटभर भुरभुरायची किंवा लोणच्याच्या मसाल्यात अर्धा चमचा घालायची, एवढाच तिचा वाटा. वाटीभर कलौंजी कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. कारळे मात्र तेलबी आहे, सूर्यफुलाच्या कुळातलं. भाजलं की तेल सुटतं, खमंग वास येतो. म्हणून तर ते वाटीनं घेतात. इंग्रजीत त्याला नायजर सीड म्हणतात. नायजर आणि निजेला या दोन नावांतल्या एवढ्याशा सारखेपणानं माझा घात केला.

नाव बाजूला ठेवा आणि दोन्ही तळहातावर घ्या. कारळे लांबट, चपटे, चकचकीत काळे, सूर्यफुलाच्या बीची बारीक आवृत्ती. कलौंजी ठेंगणी, तिकोनी, काळी पण चकाकी नसलेली. दोन बोटांत चुरडा: कलौंजीचा वास लगेच नाकात जातो, कच्च्या कारळ्याला तसा वासच नसतो. शंका असेल तर चार दाणे चावून बघा.

नायजर सीड लिहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तिकडच्या दुकानांत त्या नावानं मिळतो तो बहुतेक वेळा पक्ष्यांचा चारा, माणसांच्या खाण्यासाठी न निवडलेला. म्हणून कृतीत ‘खाण्यासाठीचे, भारतीय किराणा दुकानातून घ्या’ हे शब्द हवेत. ते मिळत नसतील तर जवस वापरा; चव वेगळी येते, पण चटणी चटणीसारखी होते.

इथं आपल्या सीमाभागातली एक गंमत आहे. कानडीत कारळ्याला हुच्चेळ्ळु किंवा गुरेळ्ळु म्हणतात आणि एळ्ळु म्हणजे तीळ. त्यामुळे कानडी कृतीवरून इंग्रजी करणारा कुणी सरळ ‘काळे तीळ’ लिहून मोकळा होतो. चूकच आहे ती, पण माझ्यापेक्षा बरी. तीळही तेलबीच, त्यामुळे वाटीभर घातले तरी चटणी खाता येते.

आता काळं जिरं. बेळगावच्या रविवार पेठेत तुम्ही एवढंच म्हणालात तर दुकानदार उलट विचारेल, “कशाला पाहिजे?” त्याचं बरोबर आहे. बिर्याणीला म्हणालात तर शहाजिरे देईल: बारीक, वाकडे, तपकिरी-काळे, रेघा असलेले. जंतांवर औषध म्हणालात तर कडू जिरे देईल, जे स्वयंपाकात घालायचंच नसतं. आणि कलौंजीलाही काही जण काळं जिरंच म्हणतात. बंगालीत तर कालोजिरे म्हणजे कलौंजीच, पाँचफोरनमध्ये पडते ती. इंग्रजीतल्या ‘ब्लॅक क्युमिन’चं असंच आहे. एका पुस्तकात ते शहाजिरे, दुसऱ्यात कलौंजी. म्हणून हे नाव मी आता वापरतच नाही. कलौंजीला निजेला, आणि शहाजिऱ्याला इंग्रजीतही शहाजिरे लिहून पुढे ‘साध्या जिऱ्यापेक्षा बारीक, गडद रंगाचं’ एवढं जोडते.

‘ओनियन सीड्स’मध्ये नुसता घोळ नाही, धोकाही आहे. इंग्रजी पाकिटांवर कलौंजीला हे नाव छापलेलं सापडतं, कारण कांद्याचं बीही काळं आणि कोपरे असलेलं. पण कलौंजीचा कांद्याशी काही संबंध नाही. आपल्या भागात कांद्याची लावण होते, त्यामुळे कांद्याचं बी म्हटलं की माणूस कृषी केंद्राकडे वळतो. तिथलं बी पेरणीसाठी असतं आणि बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेलं असतं. ते पोटात जाता कामा नये.

ओव्याचं प्रकरण लहान आहे. ओवा आणि थाइम दोघांतही थायमॉल असतं, म्हणून वास जवळचा वाटतो. झाडं निराळी. थाइमची पानं वापरतात, ओव्याचे दाणे. इंग्रजीत कॅरम सीड्स किंवा सरळ अजवाइन लिहावं. ‘बिशप्स वीड’ टाळावं, ते नाव आणखी दोन-तीन झाडांना आहे. पण खरा खड्डा पुढे आहे. पावसाळ्यात आपण ओव्याच्या पानांची भजी करतो, ती जाड, लव असलेली पानं ओव्याच्या झाडाची नसतातच. तो पानओवा, कानडीत दोड्डपत्रे, अगदी वेगळं झाड. तिथं ‘कॅरमची पानं’ लिहिलं तर वाचणारा आयुष्यभर शोधत बसेल. इंग्रजीत त्याला इंडियन बोरेज किंवा क्युबन ओरेगॅनो म्हणतात.

हिंगाचं नाव मात्र बरोबर आहे, अडचण मापाची आहे. आपल्या डबीतली पूड म्हणजे निव्वळ हिंग नसतो. फेरुला जातीच्या झाडांच्या मुळांतून निघणारा चीक वाळवतात, तो आपल्याकडे मुख्यतः अफगाणिस्तान-इराणकडून येतो, आणि त्यात डिंक व मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळून ही पूड होते. खडा हिंग मूगभर घातला तरी पातेलंभर आमटीला पुरतो. पूड तिथं पाव चमचा लागते. नुसतं ‘ॲसाफेटिडा, पाव चमचा’ लिहिलं आणि वाचणाऱ्याकडे खडा असला तर आमटी ओतावी लागेल. तेव्हा लिहायचं ‘डबीतली मिश्र पूड’. आणि गहू न चालणाऱ्यांसाठी एक ओळ जास्त: पाकिटावर मैदा आहे की तांदळाचं पीठ ते बघून घ्या.

भाचीला दुरुस्त कृती पाठवली तेव्हा सोबत एका कागदाच्या पुडीत मूठभर कारळे आणि दुसऱ्या पुडीत चिमूटभर कलौंजी घातली, वर मराठीतून नावं लिहून. शेजारणीनं म्हणे दोन्ही पुड्या स्वयंपाकघरात टाचणीनं टांगून ठेवल्यात.